आयईएलटीएस रीडिंग: 60 मिनिटांत 3 उतारे, अडलेला प्रश्न सोडायचा कधी?

कृष्णाकाठची
मी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ॲकॅडमिक आयईएलटीएस कॉम्प्युटरवर द्यायची आहे. क्लासमध्ये 'प्रत्येक उताऱ्याला 20 मिनिटं' असं सांगितलंय, पण घरी घड्याळ लावून बसले की पहिल्याच उताऱ्यात 25 जातात. वाचायला वेळ लागत नाही. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हनच्या एखाद्या प्रश्नावर गाडी थांबते आणि मग तिसऱ्या उताऱ्याचे शेवटचे चार-पाच प्रश्न कोरे राहतात.

कालचंच बघा. कालव्यावरचा उतारा होता. त्यात म्हटलं होतं की कालवा झाल्यावर शहरात कोळसा स्वस्त झाला. विधान होतं, 'कालव्याने आलेला कोळसा रेल्वेच्या कोळशापेक्षा स्वस्त होता.' फॉल्स की नॉट गिव्हन, हे ठरवण्यात पाच मिनिटं गेली. अशा वेळी किती थांबायचं? सोडायचा म्हणजे कोरा सोडायचा का?

कराडचा_अभ्यासू
ताई, सरळ कोरा सोडा. मी एमपीएससी करतोय, आमच्याकडे चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. खात्री नसेल तर हात लावायचा नाही.

विश्रामबागकर
दादा, तुमचं एमपीएससीपुरतं बरोबर आहे. आयईएलटीएसमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरा एकही ठेवायचा नाही.

ताई, मी बरीच वर्षं मुलांकडून हे रीडिंग करून घेतो. समान वाटणीत अडचण अशी की उतारे सारखे नसतात. पहिला बहुतेक सोपा आणि तिसरा सगळ्यात जड, पण प्रश्नाला गुण सगळीकडे एकच. म्हणून मी 17, 20 आणि 23 अशी वाटणी सांगतो. स्क्रीनवर उरलेला वेळ दिसतो, तेव्हा दोनच आकडे लक्षात ठेवा: दुसरा उतारा उघडताना 43 आणि तिसरा उघडताना 23. त्या वेळी मागे जे उरलं असेल त्याला अंदाजाने उत्तर द्या, प्रश्नावर खूण करा आणि पुढच्या उताऱ्यावर जा.

आता अडलेल्या प्रश्नाचं. अडण्याचे दोन प्रकार असतात. एक, उताऱ्यातली जागाच सापडत नाही. ट्रू-फॉल्सची विधानं उताऱ्याच्या क्रमाने येतात. 5 आणि 7 ची जागा सापडली असेल तर 6 ची त्या दोघांच्या मध्येच असणार. तेवढाच भाग एकदा नीट वाचा. तिथे त्या मुद्द्याचं काहीच नसेल तर नॉट गिव्हन लिहा, सगळा उतारा परत चाळू नका.

दुसरा प्रकार तुमचा. जागा सापडलीय, निर्णय होत नाही. तिथे मी मिनिटं मोजत नाही. ते वाक्य दोनदा वाचून झालं की स्वतःला एकच विचारा: विधान खोटं ठरवणारे शब्द मी बोटाने दाखवू शकते का? 'रेल्वेचा कोळसा त्याहून स्वस्त पडे' असं उताऱ्यात असतं तर फॉल्स. तुमच्या उताऱ्यात रेल्वेच्या दराचा उल्लेखच नसेल तर बोट ठेवायला जागा नाही, म्हणजे नॉट गिव्हन. तिसऱ्यांदा वाचलं की आपण उताऱ्यात नसलेलं मनाने भरायला लागतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत बघितलंय.

सातारी_पेढा
मी जनरल ट्रेनिंग दिली. मला सगळ्यात जास्त त्रास हेडिंग जुळवताना झाला. एक चुकलं की दुसरंही चुकतं. तिथेपण दोनदा वाचून सोडायचं का?

विश्रामबागकर
तिथे हा नियम नाही चालत. दोन हेडिंगांत अडलात तर ती दोन्ही हेडिंगं बाजूला लिहून ठेवा आणि पुढच्या परिच्छेदाकडे जा. बऱ्याचदा त्यातलं एक पुढे स्पष्ट जुळतं आणि मागचं आपोआप सुटतं. 'ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे' हे प्रश्न मात्र क्रमाने नसतात. ते त्या उताऱ्यात शेवटी करा, तोवर अर्ध्या जागा माहीत झालेल्या असतात.

राजवाडा_चौक
माझं मत वेगळं आहे. तिसऱ्यापासूनच सुरुवात करा, डोकं ताजं असतं. आणि कागदावर देत असाल तर शेवटी उत्तरं उतरवायला 10 मिनिटं वेगळी मिळतात, ती धरून चाला.

विश्रामबागकर
ती 10 मिनिटं कागदावरच्या लिसनिंगला असतात. रीडिंगला नाहीत, तिथे 60 मिनिटांतच उत्तरपत्रिका भरायची. यावर विसंबून कुणी बसू नये, फार नुकसान होतं. तिसऱ्यापासून सुरुवात काहींना जमते. माझ्याकडच्या बहुतेकांचा तिथेच अर्धा तास गेला आणि सोपे गुण राहिले.

राजवाडा_चौक
10 मिनिटांचं मान्य. पण तिसरा आधी केल्यावर माझे गुण वाढले होते, त्यामुळे मी मत बदलत नाही.

कृष्णाकाठची
सर, कालवा परत काढून बघितला. रेल्वेचा उल्लेख आहे, पण दराबद्दल एक शब्द नाही. म्हणजे नॉट गिव्हनच. रविवारी नाईट नाही, तेव्हा 43 आणि 23 धरून पूर्ण पेपर सोडवते. एक राहिलं: गाळलेल्या जागांच्या सारांशात शब्द सापडतो पण व्याकरणात बसत नाही, तेव्हा त्याचं रूप बदललेलं चालतं का?

विश्रामबागकर
'उताऱ्यातून शब्द घ्या' अशी सूचना असेल तर रूप बदलायचं नाही. बसत नसेल तर शब्द चुकीचा निवडलाय असं समजा आणि त्याच्या आजूबाजूची दोन वाक्यं बघा. स्पेलिंग चुकलं तर गुण जातो, तेवढं जपा.