उपचार सुरू असताना गाठ वाढली तर

> भाचीला (वय २२) मानेत टीबीची गाठ. सुईने तपासणी झाली, दीड महिना गोळ्या चालू आहेत, तरी गाठ वाढलीये. औषध लागू पडत नाही का?

लगेच तसं समजू नका. मेलेल्या जंतूंवर शरीराची प्रतिक्रिया उसळते, त्यामुळे उपचार चालू असतानाही काहींच्या गाठी फुगतात, मऊ पडतात, कधी फुटतातही. ताप उतरलाय, वजन वाढतंय, तर बहुतेक हेच असतं. पण ठरवायचं डॉक्टरांनी, म्हणून तिला दाखवून आणाच.

आधी एफएनएसीचा, म्हणजे त्या सुईच्या तपासणीचा, रिपोर्ट काढून बघा. त्यात फक्त ‘ग्रॅन्युलोमा’, म्हणजे सुजेच्या पेशींचा पुंजका, एवढंच लिहिलं असेल तर टीबीची शक्यता दाट, पण औषधाला दाद न देणारा टीबी आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी सुईतून आलेल्या पुवाची सीबीनॅट, म्हणजे जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी, आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, लागतं. सीबीनॅट रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात का, तेही सांगते. ती झाली नसेल तर आता पुन्हा सुई घालून करता येते. नमुना मात्र फॉर्मॅलिनमध्ये नको, त्यात जंतू मरतात आणि कल्चर होत नाही.

नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. शेवटी छोटी गाठ हाताला लागली तरी तेवढ्यावरून कोर्स वाढवत नाहीत. गोळ्या मात्र मनाने थांबवू देऊ नका.