मदत हवी आहे: ‘गो’नंतर ‘स्विमिंग’ की ‘टू स्विम’?

सोलापुरात मराठी माध्यमाच्या नववीसाठी रिकाम्या जागांची कार्यपत्रिका करतोय. कंसात मूळ क्रियापद, मुलांनी योग्य रूप लिहायचं.

‘वर्थ’चं जमलं. ‘पाहण्यासारखा’ म्हणजे ‘वर्थ सीइंग’, असं सांगितल्यावर ‘वर्थ टू सी’ थांबलं. फक्त ‘द फोर्ट इज वर्थ व्हिजिटिंग इट’ अजून येतं. तिथे ‘इट’ नको, कारण किल्ला वाक्याच्या सुरुवातीला येऊन गेलाय. ‘स्पेंड’ आणि ‘वेस्ट’ला तर मराठीच मदतीला येते: ‘शोधण्यात तासभर वाया घालवला’ यातला ‘-ण्यात’ म्हणजे ‘सर्चिंग’.

अडतं ते ‘गो’पाशी. ‘पोहायला गेला’ आणि ‘चादर घ्यायला गेला’ या दोन्हींत ‘-यला’च आहे, पण इंग्रजीत पहिलं ‘वेंट स्विमिंग’, दुसरं ‘वेंट टू बाय अ चादर’. ‘गोनंतर आयएनजी’ एवढाच नियम दिला, तर मुलं ‘वेंट बाइंग अ चादर’ लिहितात. म्हणून सध्या सांगतो की पोहणं, मासेमारी, खरेदी असा उपक्रम असेल आणि क्रियापदाला कर्म नसेल तर आयएनजी. विशिष्ट वस्तूसाठी गेला असेल तर ‘टू’. पण ‘ही वेंट ____ (ईट)’ला कर्म नाही, तरी ‘वेंट ईटिंग’ चालत नाही. उपक्रम कुठला, हे मुलांना ठरवता येत नाही. यादी पाठ करून घेणं मला नको आहे.

शिवाय ‘ही वेंट ____ (स्विम)’मध्ये ‘टू स्विम’ व्याकरणाने चूक नाही. मग गुण कसे कापायचे? एकच उत्तर बरोबर ठरेल अशी ‘गो’ची वाक्यं तुम्ही कशी बांधता?