चौकशी येतेय, पण पोचत नाहीये

> "कोल्हापुरी चपलांचा छोटा कारखाना आहे. साइटवर कॅटलॉग आणि घाऊक चौकशीचा फॉर्म आहे, ऑनलाइन पैसे घेत नाही. महिनाभरात एकही चौकशी नाही. असं का?"

आधी स्वतःच दुसऱ्या ईमेलवरून फॉर्म भरा आणि स्पॅम फोल्डर उघडा. आमच्या साइटवर अकरा चौकश्या तिथेच पडलेल्या सापडल्या, त्यातली एक दीडशे जोडांची!

कारण असं की बरेच फॉर्म गिऱ्हाईकाचाच पत्ता `From` मध्ये टाकतात. मेल मात्र तुमच्या होस्टिंगवरून निघते, त्यामुळे घेणाऱ्या सर्व्हरला ती बनावट वाटते. असं ठेवा:

```
From: chaukashi@example.com
Reply-To: गिऱ्हाईकाचा पत्ता
```

`From` मध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता हवा, आणि त्या डोमेनच्या SPF नोंदीत, म्हणजे त्याच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीत, मेल पाठवणारा सर्व्हर असायला हवा. `Reply-To` मुळे उत्तर द्यायला गेलात की पत्ता आपोआप गिऱ्हाईकाचा येतो. शिवाय प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठवा, मेल हुकली तरी नोंद राहते.

आणि हो, नुसतं 'नग किती' विचारू नका. प्रत्येक मापाला वेगळा रकाना द्या, शिवाय गावाचा पिनकोड. नाहीतर भाव सांगण्याआधी तीन फोन ठरलेले.