सर्वर खोलीचे तापमान : इशारा नेमका किती अंशांना लावावा? (मदत हवी आहे)

सोलापूरकर_सिस्टिम

नमस्कार. एका पतसंस्थेच्या सर्वर खोलीची जबाबदारी माझ्याकडे आहे. खोली दहा बाय बारा फुटांची असून तिला खिडकी नाही. एकच रॅक आहे आणि यूपीएसवरचा भार साधारण ३ किलोवॉट दिसतो. दीड टनाचे दोन स्प्लिट एसी आहेत. चेंजओव्हर टायमरमुळे रात्री पहिला आणि दिवसा दुसरा, असे ते बारा-बारा तास चालतात.

गेल्या रविवारी दुपारी खोली तापली. इशारा ३५ अंशांना लावलेला असल्यामुळे संदेश ३:५० ला आला, आणि पंचवीस मिनिटांनी मी पोहोचलो तेव्हा रॅकसमोर ३८ अंश होते. दुसऱ्या एसीचा दिवा लागलेला होता, झडप उघडी होती आणि हवाही येत होती, पण ती हवा गार नव्हती. मी हाताने पहिला एसी सुरू केला. सोमवारी कारागीर आला तेव्हा दुसरा एसी व्यवस्थित गार करत होता, म्हणून ‘दोष नाही’ असे लिहून तो निघून गेला.

नंतर मी नोंदी काढल्या : ३:१० ला २६.४, ३:२० ला २८.९, ३:३० ला ३१.३, ३:४० ला ३३.४ आणि ३:५० ला ३५. आदर्श तापमान किती मानावे, इशारा कितीला लावावा आणि हा प्रकार पुन्हा होणार असेल तर तो आधी ओळखता येईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

थंडगार_७

एसी १८ वर लावून टाका. खोली जितकी गार, तितका बिघाडाच्या वेळी हातात वेळ जास्त. आमच्याकडे गेली पाच वर्षे १८ च आहे आणि कधीही अडचण आली नाही.

रॅकमागचा_माणूस

थंडगार_७ यांचे वेळेबद्दलचे म्हणणे खरे आहे. वरच्या नोंदींच्या वेगाने पाहिले तर सहा अंशांनी साधारण पंचवीस मिनिटे मिळतात. मात्र त्या बदल्यात कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही, आणि फिल्टर थोडा जरी तुंबला तरी आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. मग हवेचा मार्गच बंद होतो आणि रिमोटवर १८ दिसत असताना खोली तापू लागते. सर्वरनाही एवढ्या गारव्याची गरज नाही. अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे, आणि ती खोलीच्या मध्यभागच्या हवेसाठी नसून सर्वरच्या तोंडाशी आत शिरणाऱ्या हवेसाठी आहे. दाराजवळच्या भिंतीवर लावलेला सेन्सर २४ दाखवत असताना रॅकच्या वरच्या सर्वरला २९ अंशांची हवा मिळत असल्याचे मी स्वतः मोजले आहे, कारण मागची गरम हवा रॅकच्या डोक्यावरून पुढे येते. म्हणून सेन्सर रॅकच्या पुढच्या बाजूस, वरच्या भागात लावावा. सर्वरचा स्वतःचा आकडाही मिळतो :

```
ipmitool sdr type Temperature
```

यात `Inlet Temp` असे काही दिसले तर तो आकडा पाहावा. सर्वरच्या स्वतःच्या इशाऱ्यावर मात्र विसंबू नये, कारण तो यंत्र वाचवण्यासाठी असतो आणि बहुधा फार वर लावलेला असतो.

इशाऱ्याचा आकडा तुमच्या पंचवीस मिनिटांवरून मागे मोजत काढावा. रविवारी २८ चा टप्पा ३:१६ च्या सुमारास ओलांडला गेला. तेव्हा फोन वाजला असता तर तुम्ही ३:४१ ला, म्हणजे साडेतेहतीस अंशांना पोहोचला असता. म्हणून २८ ला फोन वाजावा आणि ३२ ला दुसऱ्या माणसालाही जावा. याहून महत्त्वाची मला वेगाची अट वाटते : दहा मिनिटांत दोन अंश वाढले की इशारा. रात्री खोली साडेतेवीसवर असताना एसी बंद पडला तर २८ गाठायला अठरा-वीस मिनिटे जातील, पण वेगाची अट आठ-नऊ मिनिटांतच बोलेल.

आता मला खटकलेली गोष्ट. बिघाडाआधीच खोली २६.४ वर होती. तुमच्याकडे नेहमी एवढेच असते का?

कोकणातला_लॅबवाला

आमच्या प्रयोगशाळेत वेगळेच घडले होते. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, सर्वर यूपीएसवर असल्याने त्यांना कळलेही नाही, पण एसी परत सुरूच झाला नाही, कारण तो रिमोटने सुरू करण्याची वाट पाहत होता. तुमचेही तेच असावे. आणखी एक विचारतो : माझ्या सर्वरचा प्रोसेसर ७२ अंश दाखवतो, म्हणजे आमची खोली तापली आहे का?

रॅकमागचा_माणूस

प्रोसेसरच्या ७२ वरून खोलीबद्दल काही सांगता येत नाही. काम वाढले की तो आकडा चढतो. आत शिरणाऱ्या हवेचा आकडा पाहा. वीज गेल्यानंतर एसी आपोआप सुरू होतो का, हे प्रत्येकाने मुख्य स्विच बंद-चालू करून एकदा तपासावेच. सोलापूरकरांच्या एसीला मात्र वीज होती आणि पंखाही फिरत होता, म्हणून तिथले कारण वेगळे असले पाहिजे.

सोलापूरकर_सिस्टिम

आपण विचारल्यावर जुन्या नोंदी पाहिल्या. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी २४ असायचे, मग २५, आणि गेल्या आठवड्यात साडेसव्वीस. रात्री मात्र कायम साडेतेवीस. ऊन वाढत चालले आहे, म्हणून असेल असे मी धरून चाललो होतो.

रॅकमागचा_माणूस

ऊन की एसी, हे तुमच्या टायमरमुळे कळणार नाही, कारण दुसरा एसी फक्त दिवसाच चालतो. दोघांच्या पाळ्या दोन दिवस उलट करा. शिवाय दोन्ही एसींच्या तोंडाशी तापमापक धरून आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांच्यातले अंतर मोजा. धडधाकट एसीत ते साधारण आठ ते बारा अंश असते.

रविवारबद्दल माझा अंदाज असा : बाहेरच्या युनिटची कॉइल धुळीने भरली असावी. तिच्यातून उष्णता बाहेर पडेनाशी झाली की भर उन्हात कॉम्प्रेसर अतितापून स्वतःच्या संरक्षणासाठी थांबतो, आतला पंखा मात्र फिरत राहतो. गार झाला की तो पुन्हा चालू होतो, त्यामुळे सोमवारी सकाळी कारागिराला काहीच सापडत नाही.

सोलापूरकर_सिस्टिम

पाळ्या उलट केल्या. पहिल्या एसीने भर दुपारी खोली २४ वर ठेवली. दुसऱ्यावर रात्रीसुद्धा साडेपंचवीस राहिले. हवेतले अंतर पहिल्याचे दहा, दुसऱ्याचे जेमतेम सहा अंश. या आकड्यांसह कारागिराला गच्चीवर नेले. दुसऱ्याच्या बाहेरच्या कॉइलवर धुळीचा आणि कबुतरांच्या पिसांचा राखाडी थर होता; बोट फिरवले तर तो कांबळ्यासारखा सोलून निघत होता. धुतल्यावर अंतर आठवर आले. गॅसही कमी आहे का, याबद्दल कारागीर आणि कंत्राटदार यांच्यात मतभेद आहे.

इशारे आपण सांगितले तसे लावले आहेत. दर बारा तासांच्या बदलीला दोन-तीन मिनिटे किंचित चढ दिसतो, पण वेगाची अट त्याने वाजत नाही.

थंडगार_७

आमचाही आत-बाहेरचा फरक आज मोजला. सातच निघाला. फिल्टर उद्या काढतो.

सोलापूरकर_सिस्टिम

एक प्रश्न उरला आहे. ३५ ला सर्वर आपोआप बंद करावेत का? डेटाबेस नीट बंद व्हायला आमच्याकडे बारा मिनिटे लागतात.

रॅकमागचा_माणूस

मी चाचणीचे आणि बॅकअपचे सर्वर ३२ लाच बंद करतो. भार कमी झाला की चढण्याचा वेगही मंदावतो. मुख्य डेटाबेसबद्दल मात्र मी स्वतः दोनदा मत बदलले आहे. चुकीच्या सेन्सरमुळे भर कामकाजात सर्वर बंद पडलेला मी पाहिला आहे, म्हणून सध्या दोन वेगवेगळे सेन्सर एकाच वेळी ३५ दाखवतील तेव्हाच तो बंद करतो. बारा मिनिटांत तुमची खोली आणखी दोनेक अंश चढेल, एवढे धरून आपला आकडा ठरवा.