वारस नोंदीला चार महिने लागले, ही लालफीत की गरजेची तपासणी?

गावाकडचा_पण_पुण्यात: वडील डिसेंबरात गेले. सातबाऱ्यावर आम्हा वारसांची नावं लावायला चार महिने आणि पुण्याहून सहा फेऱ्या. मृत्यूचा दाखला दिला, प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, आठ अ दिला, पोलीस पाटलाचा दाखला दिला, तर म्हणे ताजा सातबारा आणा. अहो तो तुमच्याच कॉम्प्युटरात आहे ना! शेवटी वर पंधरा दिवसांची नोटीस. हे सगळं बंद का करत नाहीत?

चिडका_बिब्बा: चिरीमिरीसाठी अडवतात हो, दुसरं काय. माणूस मेला की आधारवरून वारस आपोआप चढले पाहिजेत, नोटीस नको नि सही नको.

निवृत्त_अव्वल_कारकून: आधारवरून वारस कळत नाहीत भाऊ. आधारात बहीण लग्न होऊन कुठे गेली ते नसतं, दुसऱ्या बायकोची पोरं नसतात. मी महसुलात बत्तीस वर्षं काढली म्हणून सांगतो, ती पंधरा दिवसांची नोटीस तुमच्यासाठी नाहीच, जो तिथे हजर नाही त्याच्यासाठी आहे. तलाठी फेरफार धरतो, चावडीवर लावतो, संबंधितांना नोटीस देतो, हरकत आली तर प्रकरण तक्रारीच्या रजिस्टरला जातं, नाही आली तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. हे काढलंत तर आझमगडच्या लाल बिहारींचं झालं तसं होईल, नातेवाइकांनी जमिनीसाठी कागदावर मेलेला दाखवला, जिवंत ठरायला 1994 उजाडलं.

ताज्या सातबाऱ्याचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. जो कागद ऑफिसात आहेच तो माणसाकडून मागवायचा, याने कोणाचंच रक्षण होत नाही, फक्त नस्ती जाड दिसते.

माहेरवाशीण: मला विचारा नोटिशीचं. भावाने अर्जात वारस म्हणून आई आणि स्वतः, बस. मी आणि धाकटी गायबच. नोटीस माझ्याकडे आलीच नाही, चावडीवर चिकटवली होती, ती चुलत वहिनीने वाचून फोन केला तेव्हा चार दिवस उरले होते, मी साध्या कागदावर हरकत लिहून पोच घेतली म्हणून नाव राहिलं. म्हणजे नोटीस हवीच, पण चावडीवरचा कागद सासरी कसा दिसणार ते कोणीतरी सांगा.

खातेदार२२: आमच्या बँकेत पण असंच चाललंय, वडिलांच्या एफडीला नॉमिनी आहे तरी वारस दाखला मागतात. तलाठ्याकडे मिळेल का?

निवृत्त_अव्वल_कारकून: @खातेदार२२ नाही, तो कोर्टाचा विषय. आणि नॉमिनी असताना बँक का मागते ते आधी लेखी घ्या.

गावाकडचा_पण_पुण्यात: काकांचं वाचून मी तारखा काढून बसलो. अर्ज 20 जानेवारी. फेरफार धरला 9 एप्रिलला, म्हणजे 79 दिवस नुसते 'हे आणा ते आणा'त. नोटिशीचे 15. मग मंडळ अधिकारी इलेक्शन ड्युटीवर, चार्ज दुसऱ्याकडे, मंजुरी 18 मे ला, आणखी 24. एकूण 118, त्यात खरी गरजेची 15 धरायची. दरम्यान सोसायटीने पीककर्जाला हात वर केले, सातबारा मयताच्या नावावर म्हणून, आणि बियाणं मी पगारातून घेतलं.

चिडका_बिब्बा: मग! म्हटलं ना, 79 दिवस कशासाठी अडवले ते उघड आहे.

निवृत्त_अव्वल_कारकून: काही ठिकाणी असेलही, मी नाकारत नाही. पण पैसे न खाणारा पण अडवतो ते का बघा. उशीर झाला तर सहसा कोणी विचारत नाही, पण चुकीच्या नोंदीवर सही केली तर विभागीय चौकशी लागते आणि पेन्शन अडकते. म्हणून मागचा तलाठी पाच कागद मागायचा, नवीन सहा मागतो. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, त्यात 500 ते 5000 दंड आहे, पण मुदत परिपूर्ण अर्जापासून मोजतात. त्रुटी काढली की घड्याळ थांबलं. तोंडी काढली तर पुरावाही नाही. माझं म्हणणं, त्रुटी लेखी आणि सगळ्या एकदमच द्यायची सक्ती करा, दर फेरीला नवीन निघते तिथेच खरी मेख आहे.

माहेरवाशीण: आणि नोटीस प्रत्येक वारसाच्या मोबाईलवर.

चिडका_बिब्बा: मोबाईल नंबर भाऊच देणार ना अर्जात 😏

माहेरवाशीण: हो, तेही आहेच.

गावाकडचा_पण_पुण्यात: काका, पोलीस पाटलाचा दाखला कशात धरायचा?

निवृत्त_अव्वल_कारकून: घरात किती भावंडं ते गावात पाटलाला माहीत असतं, त्या अर्थाने उपयोगी. पण आमच्याकडे एक पाटील न विचारता कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायचे. अशा ठिकाणी तो कागद असून नसल्यासारखा.