पेट्या जास्त विकल्या म्हणून खर्च वाढला, आता बोनस कापायचा का?

टिळकनगरवाली:
सांवेर रोडवरच्या एका शेव-नमकीनच्या कारखान्यात मी विक्री सांभाळते. जुलै ते सप्टेंबर २०२५ चं बजेट १०,००० पेट्यांचं होतं, गेल्या १२,०००. विक्रीखर्चाला १० लाख मंजूर होते, झाले साडेअकरा. मालक म्हणतात, दीड लाख जास्त उडवले, बोनस कापणार. हा न्याय आहे का?

सियागंजचा व्यापारी:
आहे. बजेट म्हणजे दिलेला शब्द. महिना संपल्यावर खर्च बघून बजेट ताणायचं असेल, तर ते करायचंच कशाला?

हिशेबनीस:
भाऊ, ताणायचं कोणी म्हटलं? दर आधीच ठरलेले असतात, ते तसेच राहतात. फक्त पेट्या खरोखर गेल्या तितक्या धरायच्या, यालाच फ्लेक्झिबल बजेट म्हणतात. ताई, त्या १० लाखांत पेटीमागे किती आणि ठरीव किती?

टिळकनगरवाली:
पेटीमागे कमिशन २० आणि भाडं ४० रुपये. पगार आणि फिरतीचे ४ लाख, ते पेट्यांवर अवलंबून नाहीत.

हिशेबनीस:
मग १२,००० पेट्यांना ७ लाख २० हजार, अधिक ४ लाख, म्हणजे ११ लाख २० हजार लागणारच होते. तुमच्याकडून जास्त गेले ते ३० हजार. जाब विचारायचा तर त्याचा. मालकांनी १०,००० पेट्यांच्या मापाने १२,००० पेट्यांचा सदरा शिवायला घेतलाय.

सियागंजचा व्यापारी:
बरं. आता उलटं बघा. ८,००० च गेल्या असत्या आणि खर्च ८ लाख ८० हजार झाला असता, तर तुमच्या हिशेबाने सगळं अगदी बरोबर. दोन हजार पेट्या विकल्याच नाहीत, त्याचं काय? विकणं हेच तर त्यांचं काम!

हिशेबनीस:
हे मात्र शंभर टक्के खरं. कारखान्याच्या मॅनेजरला किती माल बनवायचा हे वरून सांगितलं जातं, म्हणून त्याला फ्लेक्झिबल बजेट पुरतं. विक्रीवाल्याला ते एकटं लावलं, तर त्याची सर्वांत मोठी जबाबदारीच गायब होते. म्हणून मूळ बजेट फेकायचं नाही. मूळ आणि फ्लेक्झिबल यांच्यातला फरक तो पेट्यांचा, फ्लेक्झिबल आणि प्रत्यक्ष यांच्यातला तो भावाचा आणि खर्चाचा. ताई, भाव काय मिळाला?

टिळकनगरवाली:
बजेटमध्ये १,००० होता. स्कीम दिल्यामुळे सरासरी ९६० पडला. कारखान्याचा बदलता खर्च पेटीला ७४० धरलेला आहे.

हिशेबनीस:
इथे जरा दुखेल. पेटीमागे १,००० मधून ७४० आणि ६० गेले की २०० उरतात. दोन हजार जादा पेट्यांनी ४ लाख कमावले. पण ४० रुपयांची सूट नव्या दोन हजारांवर नाही, सगळ्या बारा हजारांवर गेली: ४ लाख ८० हजार. वर ते ३० हजार. विक्री १५ लाख २० हजारांनी वाढली आणि नफा १ लाख १० हजारांनी घटला. कारखान्याचा खर्च मी मुद्दाम ठरलेल्या दरानेच धरलाय. तिथे तेल सांडलं तर ते ताईंच्या माथी नको.

टिळकनगरवाली:
स्कीम मालकांनी सही करून दिलेली आहे! समोरच्या कंपनीने भाव पाडला होता.

हिशेबनीस:
मग ते ४ लाख ८० हजार तुमच्या एकट्याच्या नावावर नकोत. आकडा फरक दाखवतो, दोषी कोण ते नाही.

कारेलीबागकर:
आमच्या वडोदऱ्याला मी वितरण बघायचो. भाडं पेटीमागे ४० हे कागदावरच. टेम्पो फेरीचे पैसे घेतो, अर्धा भरा नाहीतर पूर्ण. माझे पैसे तर रिकामे क्रेट परत आणण्यातच जायचे, साहेबांना ते कधी पटलं नाही.

हिशेबनीस:
क्रेटचं वेगळं, पण फेरीचा मुद्दा पक्का. गाड्या आधी अर्ध्या जात असतील, तर दोन हजार पेट्या त्यांतच बसायला हव्या होत्या. मग ११ लाख २० हजार ही मुभासुद्धा जास्तच झाली. फेऱ्यांची वही काढा.

सियागंजचा व्यापारी:
वही काढताच आहात तर पंचांगही काढा. २०२४ ला दिवाळी १ नोव्हेंबरच्या आसपास होती, २०२५ ला २० ऑक्टोबरच्या. बजेट मागच्या वर्षाच्या महिन्यांवरून उतरवलं असेल, तर दुकानदारांनी ऑक्टोबरचा माल सप्टेंबरातच उचलला. ते दोन हजार ताईंचे की दिवाळीचे?

टिळकनगरवाली:
बजेट तसंच उतरवलेलं होतं. ऑक्टोबरला ६,००० धरले होते, ४,७०० गेल्या. म्हणजे १,३०० कमी. पण त्या आधीच उचललेल्या, की स्कीम बंद झाली म्हणून गेल्या नाहीत?

हिशेबनीस:
दुकानदारवार सप्टेंबरची बिलं टाका, मग बघू. निम्मं उत्तर त्यात मिळेल.

सियागंजचा व्यापारी:
आणि बोनस?

टिळकनगरवाली:
सोमवारी मालकांकडे जातेय. भाव आणि पेट्या वेगळ्या मांडून नेते. दीड लाखाची भाषा तरी थांबेल.