मदत हवी आहे: दीड मिनिटाचं इतिहासाचं निवेदन, वेग राखायचा आणि चूकही होऊ द्यायची नाही

धावती लेखणी

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांसाठी ९० सेकंदांचा व्हिडिओ करतो आहे. विषय आहे १८५४ ची लंडनमधली कॉलऱ्याची साथ आणि डॉ. जॉन स्नो. संहिता २३२ शब्दांची झाली. सावकाश वाचली तर दोन मिनिटांवर जाते, म्हणून आवाज १.२५ पट वेगाने चालवला. आता मुलं म्हणतात, काही कळतच नाही. त्यात इतिहासाच्या एका शिक्षकांनी "मधल्या भागात चुका आहेत" एवढंच सांगून कागद परत दिला. तो भाग असा:

"१८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याने थैमान घातले. हजारो लोक मृत्युमुखी पडले. डॉ. जॉन स्नो यांनी नकाशावर प्रत्येक मृत्यूची खूण केली आणि त्यांच्या लक्षात आले की सर्व मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवतीच झाले आहेत. त्यांनी पंपाचा दांडा काढून टाकला आणि साथ थांबली. अशा प्रकारे कॉलऱ्याचे जंतू पाण्यातून पसरतात हे त्यांनी सिद्ध केले."

काय कापू, काय ठेवू? आणि यात नेमकं चुकलंय काय?

कानोसा

आधी वेगाचं बघू. ध्वनिफीत पळवू नका. वेग वाढवला की शब्दांबरोबर थांबेही आखडतात, आणि ऐकणाऱ्याला वाक्य पचवायला तेवढीच उसंत असते. शिवाय "मृत्युमुखी", "स्ट्रीटवरील" यांसारखी जोडाक्षरं गिळली जातात. मुलांना कळत नाही ते बहुधा तिथेच.

शब्दांचा हिशेब असा करा. तुमच्याच संहितेतले १०० शब्द मोठ्याने, वर्गात सांगाल तसे वाचा आणि घड्याळ लावा. बहुतेकांचे ५० सेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे सेकंदाला दोन शब्द. ९० सेकंदांतले १० थांब्यांसाठी बाजूला काढले की उरले ८०, म्हणजे १६० शब्द. तुमचे २३२ आहेत. सत्तर शब्द जास्त असताना वाचनाची कोणतीही युक्ती कामाला येणार नाही, कापावंच लागेल.

मोजताना एक फसगत होते, ती आकड्यांची. "३१ ऑगस्ट १८५४" कागदावर तीन शब्द दिसतात, तोंडातून येतात चार: एकतीस ऑगस्ट अठराशे चौपन्न. म्हणून वाचायच्या प्रतीत सगळे आकडे अक्षरी लिहा आणि मगच शब्द मोजा. आकडा किंवा नवं नाव आलं की त्यानंतर अर्धा सेकंद थांबायची खूण म्हणून तिरकी रेघ मारा. एका वाक्यात दोन नवी नावं नकोत. तुमच्या तिसऱ्या वाक्यात २१ शब्द आहेत, त्यात स्नोही आहेत आणि ब्रॉड स्ट्रीटही. ते वाक्य मोडाच.

रोखठोक

चूक सरळ आहे. दांडा काढल्याने काहीही झालं नाही, साथ आधीच संपली होती. नकाशाही नंतरचा. म्हणजे ही गोष्टच दंतकथा आहे. "स्नो यांनी साथ थांबवली ही अफवा आहे" असं एक वाक्य टाका, तीस शब्द वाचतील.

संगीतप्रेमी

पार्श्वसंगीत किती ठेवताय? माझ्या चित्रफितीत तबला ठेवला तर आवाज दबतो, बासरी ठेवली तर चालते. यावर कोणी सांगेल का?

कानोसा

@संगीतप्रेमी, धागा शब्दांच्या वेगाचा आहे, तरी थोडक्यात सांगतो. तबल्याचा ठेका निवेदनाच्या लयीशी भांडतो, म्हणून तसं होतं. बोलणं चालू असताना ठेका नको, सलग सूर चालेल. आकडे आणि नावं येतात तिथे तोही खाली घ्या.

जुनी दप्तरं

@रोखठोक, अर्धं बरोबर आहे तुमचं. साथ संपली नव्हती, ओसरत होती. या दोन क्रियापदांत फरक आहे, आणि तपासणी खरं तर तिथेच करायची असते.

@धावती लेखणी, नावं आणि सनावळी लोक तपासतात, क्रियापदं आणि "सर्व", "पहिला", "सिद्ध" असले शब्द तसेच सोडून देतात. संहितेची प्रत घ्या, प्रत्येक वाक्यातल्या दाव्याखाली रेघ ओढा आणि शेजारी लिहा: कोणी केलं, कधी केलं, हे आपल्याला कशावरून माहीत. स्नो यांचं स्वतःचं १८५५ चं पुस्तक उपलब्ध आहे, निम्मे दावे त्यातच तपासून होतात. आता तुमची वाक्यं घेऊ.

"हजारो लोक." १८५३-५४ च्या साथीत सबंध लंडनमध्ये दहा हजारांवर माणसं गेली, तेव्हा हे वाक्य खोटं नाही. पण पुढच्याच वाक्यात तुम्ही ब्रॉड स्ट्रीटवर जाता, आणि मुलाला वाटतं की हजारो माणसं त्या एका पंपामुळे मेली. त्या भागातली स्नो यांनी दिलेली संख्या ६१६ आहे. पहिल्या दहा दिवसांतच ५०० हून जास्त. दोन खरी वाक्यं शेजारी ठेवून खोटं कसं तयार होतं, त्याचा हा नमुना.

"नकाशावर खूण केली आणि लक्षात आलं." क्रम उलटा आहे. पंपाचा संशय आधी आला. स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी मिळवल्या, सुरुवातीच्या ८३, आणि घरोघरी चौकशी केली. नकाशा त्यानंतर, बाजू मांडण्यासाठी काढला.

"सर्व मृत्यू." ८३ पैकी १० जणांच्या घरांना दुसरा पंप जवळ होता. त्यांपैकी पाच घरांनी सांगितलं की आम्ही मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आणतो. ही माहिती "सर्व" पेक्षा कितीतरी जास्त पटणारी आहे. "सर्व" लिहून तुम्ही स्नो यांचा चांगला पुरावाच झाकून टाकता.

"त्यांनी दांडा काढला." काढला स्थानिक मंडळाने. स्नो यांनी ७ सप्टेंबरला त्यांच्यापुढे म्हणणं मांडलं, ८ ला दांडा निघाला.

"साथ थांबली." तोवर बरेच लोक घरं सोडून गेले होते आणि मृत्यू कमी होऊ लागले होते. स्नो यांनी स्वतः हे लिहिलं आहे. पण उपयोग शून्य, असंही म्हणता येत नाही. ब्रॉड स्ट्रीट ४० मधलं एक तान्हं मूल सुरुवातीला आजारी पडलं होतं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी त्या घराच्या मैलाखड्ड्यात जायचं, आणि खड्डा पंपाच्या विहिरीला जवळजवळ चिकटून होता. हे शोधून काढलं हेन्री व्हाइटहेड या पाद्र्याने, ज्याला आधी स्नो यांचं म्हणणं पटलंच नव्हतं. त्याच मुलाचा बाप ८ सप्टेंबरला आजारी पडला. म्हणजे ज्या दिवशी दांडा निघाला, त्याच दिवशी विहिरीत पुन्हा घाण जाण्याची सोय झाली होती.

"जंतू" आणि "सिद्ध". जंतू स्नो यांना माहीत नव्हता. इटलीत पाचिनी यांनी तो १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण त्याकडे लक्ष गेलं नाही. जर्मन शास्त्रज्ञ कोख यांनी कॉलऱ्याचा जंतू ओळखला तो १८८३-८४ मध्ये. स्नो १८५८ मध्ये वारले. "जंतू" ऐवजी "कॉलरा पाण्यातून पसरतो" म्हणा आणि "सिद्ध केले" ऐवजी "भक्कम पुरावा दिला".

रोखठोक

बापाचं मला माहीत नव्हतं, ते मान्य. पण एवढं सगळं ९० सेकंदांत बसवणार कसं? आणि "नक्की सांगता येत नाही" म्हटलं की मुलांचं लक्ष उडतं.

धावती लेखणी

सगळ्यांचे आभार. सुरुवातीचा थैमान-बिमानचा भाग आणि स्नो यांचं बालपण काढून टाकलं, १५८ शब्दांवर आलो. दांड्याचा भाग असा केला:

"आठ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. / साथ तोवर ओसरू लागली होती, कारण बरेच रहिवासी घरं सोडून गेले होते. पण त्याच दिवशी पंपाशेजारच्या एका घरात आणखी एक माणूस आजारी पडला. / दांडा जागेवर असता, तर साथ पुन्हा भडकली असती का? / नक्की सांगता येत नाही."

४२ शब्द झाले, थांब्यांसकट २४ सेकंद लागले. आणि बिअरच्या कारखान्याचं वाक्य ठेवू का? "पंपाजवळच्या कारखान्यातल्या एकाही कामगाराला कॉलरा झाला नाही."

जुनी दप्तरं

कारखान्याचं ठेवा, फक्त क्रियापद बदला. सत्तरावर कामगार होते. दोघांना किरकोळ त्रास झाल्याची नोंद आहे, म्हणून "एकही कामगार दगावला नाही" एवढंच म्हणा. आणि लगेच कारण जोडा, ते पंपाचं पाणी पीत नसत, नाहीतर मुलांना वाटेल बिअरने कॉलरा बरा होतो.

दांड्याच्या भागात दोन गोष्टी. "कारण" म्हटलं की तेच एकमेव कारण वाटतं. "एक कारण म्हणजे" करा. आणि "त्याच दिवशी एक माणूस आजारी पडला" यातून ऐकणाऱ्याला काहीच जोड लागत नाही, साथीत माणसं आजारी पडणारच. "त्या घराची घाण विहिरीत झिरपत होती" हे वाक्य हवं, नाहीतर पुढचा प्रश्न हवेत राहतो.

कानोसा

त्याचे शब्द सहा, "एक कारण म्हणजे" चे दोन जास्त. मिळून चार सेकंद. "आणखी" काढा, "तोवर" ठेवा. बाकीचे सेकंद सुरुवातीतून काढा, इथून नको. हा भाग अवघड आहे, इथे वेग उलट कमी हवा. पहिली २० सेकंदं भरभर गेली तरी चालतात, कारण तिथे फक्त जागा आणि काळ सांगायचा असतो.

@रोखठोक, "नक्की सांगता येत नाही" नंतर एक पूर्ण सेकंद शांतता ठेवली तर लक्ष उडत नाही, असं मला वाटतं. प्रश्न विचारून लगेच पुढे पळालात तर उडतं.

रोखठोक

वाटतं म्हणजे? दोन्ही प्रकारे ध्वनिमुद्रण करून पाच-सहा मुलांना ऐकवा आणि नंतर एकच विचारा, दांडा काढल्यामुळे साथ थांबली का. जास्त मुलं "हो" म्हणाली, तर वाक्य पोचलं नाही.

धावती लेखणी

हे करून बघतो. अजून एक अडचण. पडद्यावर मी तो नकाशा घरोघरी चौकशीच्या वाक्याला दाखवतोय, तिथे दुसरं चित्रच नाही माझ्याकडे.

जुनी दप्तरं

मग शब्द खरे आणि चित्र खोटं होईल. मुलं डोळ्यांनी पाहिलेलंच लक्षात ठेवतील, म्हणजे नकाशा आधी आणि पंप नंतर. चौकशीच्या वाक्याला नुसती यादी दाखवा: काळ्या पडद्यावर ८३ रेघा, त्यांतल्या १० वेगळ्या रंगात. नकाशा दांड्याच्या भागानंतर आणा.

धावती लेखणी

रेघा जमतील. पण नकाशा शेवटी गेला तर त्याला आवाज कुठला द्यायचा, १५८ मध्ये त्याचं वाक्यच नाही.